अक्काला ‘छान’ नको होतं

अक्काने व्हायोलिन हातात घेतलं तेव्हा तिला बावन्नावं लागलं होतं. घरातल्या, दवाखान्यातल्या आणि गल्लीतल्या सगळ्यांची ती अक्का. फिजिओथेरपीत तिची अर्धी हयात गेली होती. पक्षाघात झालेल्यांचे हात पुन्हा चालते करायचे हे तिचं रोजचं काम. तेव्हा स्वतःच्या दोन हातांना एक नवं काम शिकवणं तिला काही चंद्रावर जाण्याइतकं अवघड वाटलं नव्हतं.

घरच्यांना मात्र वाटलं. नवरा भला माणूस, त्याने फक्त बैठकीच्या खोलीचं दार लावून घ्यायला सुरुवात केली. बोलला तो धाकटा भाऊ. तो कंपन्यांमधून ‘यशाचा मार्ग’ या विषयावर भाषणं देत हिंडायचा आणि त्याच्या प्रत्येक भाषणात पडद्यावर दहा हजार तासांची स्लाइड यायचीच: दहा हजार तास सराव केला की माणूस पारंगत.

“अक्का, रोज अर्धा तास धरलास ना,” तो चहाचा कप फिरवत म्हणाला, “तर बरोब्बर पंचावन्न वर्षं लागतील. म्हणजे तुझे पहिले पाढे पंचावन्न!”

स्वतःच्याच विनोदावर तो इतका हसला की चहा बशीत सांडला. अक्काने फडकं त्याच्या अंगावर फेकलं. “पूस आधी. आणि शंभरी ओलांडल्यावर माझी मैफल ठेव.”

पण शब्द लागला होता. तिच्या दवाखान्यात महिन्यातून एकदा सगळ्यांनी मिळून एखादा शोधनिबंध वाचायची पद्धत होती. त्यामुळे निबंध कुठे शोधायचे आणि कसे वाचायचे हे तिला ठाऊक होतं. भावाच्या स्लाइडमागचा मूळ अभ्यास तिने शोधून काढला. तो संगीत शिकणाऱ्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवरचाच निघाला. दहा हजार ही तिथे कसली अट नव्हतीच. सगळ्यात चांगल्या गटाची, विसाव्या वर्षापर्यंतची ती सरासरी होती. म्हणजे त्या गटातले कितीतरी जण तिथवर पोचलेलेही नव्हते. संशोधकांचा भर होता तो सराव कसा होता यावर. नेमकं एकच ध्येय, आपल्या आवाक्याच्या किंचित पलीकडचं. चूक लगेच दाखवून देणारं कुणीतरी. आणि पूर्ण लक्ष. पुढच्या अभ्यासांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती तिने मुद्दाम दोनदा वाचली. संगीतात माणसामाणसातला जो फरक दिसतो, त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा सरावाच्या खात्यात जातो. बाकी वय, जडणघडण, आणखी काय काय.

“म्हणजे मी मोठी वादक होईन असं कुणी म्हणत नाही,” ती नवऱ्याला म्हणाली. “पण मला येणारच नाही, असंही कुणी म्हणत नाही.”

“मग घोडं कुठे अडलंय?”

तेच तर तिला कळत नव्हतं. आठ महिने झाले होते. रोज संध्याकाळी ती एकच छोटी धून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायची, मग पुन्हा पहिल्यापासून. सोपा भाग गुळगुळीत होत चालला होता. मधली दोन ओळींची जागा आली की ये रे माझ्या मागल्या.

उलगडा झाला तो दवाखान्यात. एक शिंपीमामा होते, पक्षाघाताने डावा हात गेलेला, आता थोडा परतलेला. शर्टाची बटणं लावायचा सराव चालला होता. मामा खालून वर सगळी बटणं लावायचे, गळ्याशी अंगठा घसरायचा, चिडून पुन्हा खालून सुरू.

“मामा, अख्खा शर्ट कशाला?” अक्का म्हणाली. “अंगठा कुठे घसरतो तेवढंच धरा. सावकाश. चुकीचं शंभरदा केलंत तर चुकीचंच पक्कं होईल.”

एवढं बोलली आणि ती स्वतःच्याच बोटांकडे पाहू लागली. मामांना वाटलं, आपलं काहीतरी चुकलं.

“तुमचं नाही हो,” ती म्हणाली. “माझं चुकलं.”

ती शिकायला जायची त्या संगीत विद्यालयात मोठ्यांची बॅच शनिवारी असायची. शेजारच्या खोलीत लहान मुलांची. भिंत पातळ होती. पलीकडून सरांचा आवाज यायचा: “मनगट! मनगट खाली पडलंय. परत.” तेच सर दहा मिनिटांनी इकडे आले की त्यांच्या तोंडात साखर. सर वयाने तिच्या भाच्याएवढे. शांत, लांब बोटांचे. अक्काने वाजवलं, ते म्हणाले, “छान.” निवृत्त पोस्टमास्तरांनी वाजवलं, छान. बँकेतल्या बाईंनी तार तोडली, तरी छान.

त्या शनिवारी वर्ग संपल्यावर अक्का उठलीच नाही.

“सर, माझ्यात काय चुकतं ते सांगा.”

“अहो, छान चाललंय तुमचं. या वयात…”

“या वयात माझे कान शाबूत आहेत. भिंतीपलीकडचं ऐकू येतं मला. मुलांना चुका आणि आम्हाला साखर, असं का?”

सर व्हायोलिनच्या पेटीची कडी उघडझाप करत राहिले. मग खरं बोलले. “एका गृहस्थांना मी सांगितलं होतं. पुढच्या शनिवारी ते आलेच नाहीत. संचालकबाईंनी मला बजावलंय, मोठी माणसं विरंगुळ्याला येतात, त्यांना दुखवायचं नाही. बॅच टिकली पाहिजे.”

“मी टिकेन. सांगा.”

“नक्की?”

“सर!”

मग त्यांनी सांगितलं. डावा अंगठा व्हायोलिनची मान आवळतोय, म्हणून बोटं अडखळतात. गज धरलेला हात लाकडासारखा ताठ. आणि तिसरं बोट, विशेषतः दुसऱ्या तारेवर, दरवेळी खाली पडतं, सूर उतरलेला लागतो. दरवेळी. आठ महिने. “तुम्हाला ते बरोबर वाटतं, कारण आता त्याचीच सवय झालीय.”

अक्काचे कान तापले. ज्या सुरावर ती मनातून खूश असायची, तोच हा सूर. क्षणभर वाटलं, पेटी उचलावी आणि चालू पडावं. त्या गृहस्थांचं काही चुकलं नव्हतं. पण तिने हनुवटीखाली व्हायोलिन लावलं.

“दाखवा.”

सरांनी तिचं बोट केसभर पुढे सरकवलं. “आता वाजवा.” तिने गज ओढला आणि शेजारची मोकळी तार, जिला कुणी हातही लावला नव्हता, आपोआप थरथरली. सगळं लाकूड जागं झाल्यासारखं घुमलं.

“बोट जागेवर पडलं की ती बोलते,” सर म्हणाले. “नाही पडलं तर गप्प. घरी मी नसेन, ती असेल.”

त्यानंतर अक्काने संध्याकाळचा तो सलग अर्ध्या तासाचा रतीब बंद केला. सकाळी दवाखान्याआधी थोडा वेळ, दुपारी थोडा, रात्रीच्या जेवणाआधी थोडा. दोन ओळी, त्यातही फक्त तिसऱ्या बोटावरून पहिल्या तारेवर जायची उडी. एका वेळी एकच गोष्ट: आज अंगठा सैल, बाकी काही बिघडलं तरी बिघडू दे. इतकं सावकाश की गोगलगाईने कंटाळावं. फोनवर रेकॉर्ड करायची, आणि ऐकायच्या आधी स्वतःला विचारायची, सूर वर गेला की खाली? मग ऐकायची. सुरुवातीला अंदाज सपशेल चुकायचा. लक्ष उडालं की थांबायची. उडालेल्या लक्षाने गिरवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

यात मजा नव्हती हे कबूल करायला हवं. मजेसाठी तिने शेवटी एक सोपं गाणं ठेवलं होतं, ते कसंही वाजवायचं.

“कालच तर जमलं होतं!” एकदा नवरा म्हणाला. एव्हाना दार उघडं राहू लागलं होतं.

“रात्री दहाव्यांदा वाजतं ते खरं नाही,” ती म्हणाली. “सकाळी उठल्यावर पहिल्यांदा वाजेल ते खरं.”

वार्षिक कार्यक्रम आला. संचालकबाईंनी मोठ्यांसाठी एक समूहवादन ठरवलं: मागे तयार संगीत लावायचं, पुढे सगळ्यांनी मोकळ्या तारांवर गज फिरवायचा.

“मी एकटी वाजवेन,” अक्का म्हणाली.

“अहो, मुलांच्या आईबापांनी सभागृह भरलेलं असतं. लोक हसतील.”

“हसू देत. हसण्याने सूर उतरत नाही.”

संचालकबाईंनी सरांकडे पाहिलं. सर भिडस्त माणूस. वाटलं, आता खाली मान घालणार. पण ते म्हणाले, “त्यांची तयारी झालीय. मी पाहिलीय.” बाईंना नाइलाजाने मान डोलवावी लागली.

कार्यक्रमात काय झालं ते जसंच्या तसं सांगायला हवं. पहिल्या ओळी नीट गेल्या. ती अवघड उडी आली आणि जमली. आणि ती जमल्याच्या आनंदात पुढच्या सोप्या सुरावर अक्का घसरली. गज किंचाळला. तिसऱ्या रांगेत कुणीतरी फिस्कन हसलं. भाऊ तिथेच बसला होता, त्याने मान खाली घातली. अक्का थांबली. पहिल्यापासून सुरू केलं नाही. जिथे घसरली तिथूनच सूर उचलला आणि शेवटपर्यंत गेली. टाळ्या पडल्या त्या बेताच्याच, सभ्यपणाच्या.

बाहेर भाऊ म्हणाला, “चुकलीस तेव्हा माझा जीव वरखाली झाला.”

“माझा नाही झाला. कुठे चुकले ते कळलं होतं.”

“आणि माझे दहा हजार तास?”

“तुझ्या पडद्यावर राहू देत. पण ‘सरासरी’ एवढा शब्द घाल, म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला होणार नाही.”

पुढच्या शनिवारी पोस्टमास्तर वर्गात शिरले ते छाती काढून. “मलाही सांगा, सर. सगळं सांगा.” सरांनी सांगितलं. बँकेतल्या बाईंनी ते ऐकलं, पेटी मिटली आणि विद्यालय सोडलं; त्यांना खरोखर विरंगुळाच हवा होता, आणि त्यात काही पाप नव्हतं. संचालकबाई मात्र भडकल्या. एवढाच दम असेल तर मोठ्यांनीही मुलांचीच परीक्षा द्यावी, असं त्यांनी सुनावलं. त्यांना वाटलं, धमकी पुरेल. अक्काने त्याच दिवशी नाव दिलं.

परीक्षेच्या सकाळी व्हरांड्यात लहान मुलांच्या बुटक्या खुर्च्या मांडल्या होत्या. अक्का गुडघे छातीशी घेऊन बसली. शेजारी दोन वेण्या घातलेली एक मुलगी.

“तुमची मुलगी आत गेलीय का?”

“नाही गं. माझाच नंबर आहे.”

मुलीने तिला खालून वर न्याहाळलं. “तिसरं बोट खाली पडतं का तुमचं पण?”

“पडायचं. आता कधीकधीच.”

“माझं चौथं,” मुलगी कष्टी चेहऱ्याने म्हणाली.

आत परीक्षक वयस्कर होते, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्यांनी अक्काकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि समजूतदारपणे हसले. “बसून वाजवलंत तरी चालेल. मोठ्यांना आम्ही जरा सांभाळून घेतो.”

“नका घेऊ,” अक्का म्हणाली, आणि उभी राहून गजाला राळ घासू लागली.

ती पास झाली, काठावर. गजाचा हात अजून ताठ आहे, असा शेरा मिळाला. तो तिने सरांना वाचून दाखवला, आणि दोघांनी मिळून ठरवलं की पुढचे काही आठवडे डाव्या हाताला सुट्टी, उजव्याने नुसता गज ओढायचा.