पिंजऱ्याचं दार

माणसाला स्वातंत्र्याहून प्रिय काहीच नसतं. हे योगीराजला पटलेलं होतं, पण जयतीर्थ सरांनी रजा दिली तरच. उद्या रविवारी बेळगावात त्याचा साखरपुडा होता, संध्याकाळच्या बसचं तिकीट खिशात होतं, आणि बंगळूरच्या त्या ऑफिसात संगणकाच्या पडद्यावर एक नायक लोखंडी पिंजऱ्यात उभा होता. १९९९ साली परदेशी कंपन्यांच्या संगणक-खेळांचे असे पिंजरे इकडे बनत.

"नायक बाहेर आला की तू बाहेर," सर म्हणाले.

पिंजरा दिसायला नक्षीदार, हजारो त्रिकोणांचा. खेळाच्या यंत्रणेला धडक मोजायला इतकं झेपत नाही. म्हणून त्यावर साधी, अदृश्य कवचं चढवायची, आणि तीही फक्त बहिर्वक्र, म्हणजे कुठेही आत खड्डा नसलेली. सरांनी आधी सगळ्या पिंजऱ्याला एकच कवच चढवलं होतं. आतली पोकळीच भरून गेली. नायकाला आत ठेवलं, की यंत्रणा त्याला भिंतीत रुतलेला समजून बाहेर फेकून देई.

"कैदी न राहणारा तुरुंग," योगीराज म्हणाला. "मंत्र्यांसाठी बरा."

"माराया, जोक पुरे. स्वल्प लवकर," सर कानडी ढंगात म्हणाले.

योगीराजने तुकडे पाडले. प्रत्येक गजाला वेगळं कवच दिलं, तर खेळ बैलगाडीसारखा चालू लागला. गजांच्या फटीतून नायक जातच नाही, मग फटी हव्यात कशाला? सहा पेट्या केल्या: तळ, छत, चार भिंती. नायक छान अडकला. सर खूश.

मग दार उघडलं. कडी सरकली, दार बाहेर वळलं, आणि नायक उघड्या दारात हवेला धडकून उभा राहिला.

"अरे, दार उघडं आहे ना?"

"डोळ्यांना उघडं आहे, सर. कवचात दार भिंतीतच सपाट चेपलंय."

भोक असलेली भिंत बहिर्वक्र राहत नाही. म्हणून योगीराजने तिचे तीन तुकडे केले, डावा, उजवा आणि वरचा. दाराला स्वतःची पेटी, दाराबरोबरच फिरणारी. सरांनी ते दहा वेळा उघडझाप करून पाहिलं, मग चहा मागवला, मग चहा संपेपर्यंत पुन्हा पाहिलं. योगीराज खिशातलं तिकीट चाचपत उभा.

शेवटी नायक चालत बाहेर आला.

"सर, परदेशी कंपनीला पाठवून देऊ?"

"कशाला? तो पिंजऱ्याचा प्रसंग त्यांनी गुरुवारीच काढून टाकला. फोन आला होता."

"मग सांगितलं का नाही?"

"तू इतका मन लावून करत होतास. सरी, ठीक आहे, आता जा तू."

बेळगावची बस अर्ध्या तासापूर्वीच निघाली होती.