लेबलावर मावेल एवढं

"पीपीटी कुठवर आलं?" सरांनी दारातूनच विचारलं.

"अजून उघडलं नाही," मी म्हणाले.

सर आमच्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. दारातून बोलायची त्यांची सवय, कारण आत यायचं तर एप्रन घालावा लागतो. त्यांनी माझ्या टेबलाकडे पाहिलं. कॉम्प्युटर बंद होता. समोर एक कागद, त्यावर खोडलेल्या चार ओळी.

"सोमवारी अकराला समितीची बैठक. आज गुरुवार."

"माहीत आहे."

"मग मागच्या वेळची फाईल घ्या, आकडे बदला, शेवटी नव्या मशीनच्या दोन स्लाइड टाका. तासाभराचं काम. कागदावर कसल्या रेघोट्या मारताय?"

"काय सांगायचं ते शोधतेय."

"नवजात विभागातल्या संसर्गाचा आढावा. त्यात शोधायचं काय?"

"तो विषय झाला, सर. सांगणं नाही झालं."

पलीकडे प्लेटींवर वाढलेल्या जंतूंच्या वसाहती मोजत बसलेला आमचा तंत्रज्ञ खाली मान घालून हसला. त्याच्या चष्म्याच्या काचा एवढ्या जाड की सगळे त्याला दुर्बीण म्हणतात. सरांनी त्याच्याकडे पाहिलं तसा तो पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला.

"आकडे शनिवारपर्यंत भरा," सर म्हणाले आणि गेले.

मागच्या बैठकीत मी एकेचाळीस स्लाइड दाखवल्या होत्या. नवजात विभागात तीन महिन्यांत सहा बाळांना एकाच जंतूचा संसर्ग झाला होता. एक वाचलं नव्हतं. तो जंतू कुठून येतो हे मी शोधलं होतं. बाळांचं दूध मोजायच्या टेबलाला लागूनच सिंक आहे, आणि त्याच्या जाळीखालच्या पाइपात तो घर करून होता. जाळीत चमकणारा रंग ओतून मी नळ सोडला होता, खोलीत अंधार करून निळा दिवा धरला होता, आणि दुधाच्या वाट्यांवर हिरवे ठिपके चमकले होते. हे सगळं एकोणतिसाव्या स्लाइडवर होतं. त्याआधी जंतूंचे प्रकार होते, कोणतं औषध कशावर चालत नाही याचे आलेख होते, आणि हात धुण्याच्या पाहणीचे तीन तक्ते होते. एकोणतिसावी आली तेव्हा अध्यक्ष घड्याळ बघत होते. बैठकीच्या इतिवृत्तात एकच ओळ उतरली: नवजात विभागातील परिचारिकांनी हातांच्या स्वच्छतेकडे लक्ष द्यावे.

ती ओळ माझ्याच तक्त्यांतून निघाली होती. चूक एकाही आकड्यात नव्हती.

दुपारी नवजात विभागाच्या इन्चार्ज सिस्टर आल्या. त्यांनी एप्रन घातला, बटणं लावली आणि माझ्यासमोर एक कागद ठेवला.

"वाचा."

व्यवस्थापकांचं पत्र होतं. संसर्ग थांबलेला नाही, या तिमाहीत आणखी चार बाळं. सोमवारच्या बैठकीत सिस्टरांच्या बदलीचा विचार होईल.

"वीस वर्षं झाली मला त्या विभागात," त्या म्हणाल्या. "मी गेले तर गेले, बाहेरच्या ओपीडीत खुर्चीवर बसून नावं पुकारीन. पण माझ्यामागे ते टेबल तिथंच राहणार. ते कोण बघणार?"

"मी मागच्या वेळी सांगितलं होतं, सिस्टर."

"सांगितलं असेल. ऐकू कुणाला आलं? मॅडम, रागावू नका, पण तुमचं ते म्हणजे बाजार भरला आणि घ्यायचं काय तेच विसरलो, असं झालं." त्यांनी पत्राची घडी घातली. "आणि एक सांगू? ती हात धुण्याची नोटीस लागल्यापासून माझ्या पोरी दुप्पट वेळा हात धुतात. कुठे? त्याच सिंकमध्ये. दुसरं आहेच कुठे तिथं?"

मी कागदावरून पेन उचललं.

नळ जितक्या वेळा सुटणार तितक्या वेळा शिंतोडे उडणार. माझ्या सादरीकरणाने नुसतं काही झालं नाही असं नव्हतं. माझ्या सादरीकरणाने संसर्ग वाढवला होता.

"सोमवारी तुम्ही या," मी म्हणाले. "दाराशी बसा, पण या."

घरी सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांच्या कानाला यंत्र आहे. समोरच्याच्या बोलण्याचा कंटाळा आला की त्या ते काढून पदराच्या गाठीत ठेवतात. सगळ्या नातेवाइकांना ही खूण ठाऊक आहे. माझे दीर तर म्हणतात, आईएवढा स्पष्ट अभिप्राय कुणी देत नाही. मी त्यांच्यासमोर बसले आणि एक गड्डी ओढून घेतली.

"आई, सोमवारी मला मोठ्या लोकांपुढे बोलायचंय. ऐकता का?"

"बोल."

"या तिमाहीत आमच्याकडे एकशे बारा नमुने आले. त्यातले..."

यंत्र पदरात गेलं.

मी लसूण सोलत थांबले. थोड्या वेळाने त्यांनी ते परत लावलं.

"सिंकच्या जाळीत जंतू आहेत," मी म्हणाले.

"मग घासा की."

हे बरोबर नव्हतं, पण त्यांचं चुकलंही नव्हतं. असं वाक्य ऐकलं तर समितीही हेच म्हणेल. "तीनदा घासलं. औषध ओतलं. आठवड्यात परत येतात."

"मग?"

"मग काय?"

"मला काय विचारतेस? तू बोलणार, ते ऐकणार. ऐकून त्यांनी करायचं काय?"

मी हातातली पाकळी खाली ठेवली. चार ओळी मी खोडल्या होत्या. पहिली होती आढावा. दुसरी माझा शोध. तिसरी त्याचं महत्त्व. चौथी काळजीची. एकाही ओळीत कुणी काही करायचं नव्हतं. आणि समितीतल्या माणसांना असं एकच करता येतं जे मला किंवा सिस्टरना करता येत नाही. टेबल हलवायला शेजारची खोली लागते. तिथे जुनी रजिस्टरं आहेत आणि किल्ली व्यवस्थापकांकडे.

"दूध मोजायचं टेबल शेजारच्या खोलीत हलवा, कारण सिंकचे शिंतोडे बाळांच्या दुधात पडतात," मी म्हणाले.

सासूबाईंचा हात थांबला. यंत्र कानातच होतं.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "मग अजून हलवलं का नाही?"

शुक्रवारी सकाळी मी नमुन्याच्या बाटलीचं एक कोरं लेबल घेतलं. त्यावर रुग्णाचं नाव, क्रमांक आणि तारीख कशीबशी मावते. मी त्यावर ते वाक्य लिहिलं. बारीक अक्षरात बसलं. मग मागच्या वेळच्या एकेचाळीस स्लाइडचे कागद टेबलावर पसरले आणि लेबल हातात धरून एकेकावरून फिरवत गेले. हे वाक्य पटायला याची गरज आहे का? नसेल तर कागद उलटा.

दुर्बीण शेजारी उभा राहून बघत होता. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंच्या आलेखापाशी मी अडखळले. दोन वर्षांचं काम होतं ते. आमचं दोघांचं.

"हा पण?" तो म्हणाला.

"हा खरा आहे. पण टेबल हलवायला लागत नाही."

"मॅडम, दया करा जरा."

मी कागद उलटा केला. त्याने उसासा टाकला आणि पुढचा स्वतःच उलटला. शेवटी चार उरले: सिंक आणि टेबल यांच्यात एका वितीचं अंतर दाखवणारा खोलीचा नकाशा, हिरव्या ठिपक्यांचा फोटो, पाइपातला आणि बाळांच्या रक्तातला जंतू एकच असल्याचा तक्ता, आणि तीनदा साफ करून तीनदा परत आल्याच्या तारखा. त्यानंतर मी कॉम्प्युटर सुरू केला. चाळीस मिनिटं लागली.

दुपारी सर एप्रन न घालताच आत आले.

"चारच? आणि मशीन?"

"नाही घातलं."

"दहा मिनिटं मिळतात, तीन महिन्यांतून एकदा. मशीन आलं तर जंतूची ओळख तासात पटेल. तेही बाळांसाठीच आहे."

"आहे. पण दोन गोष्टी मागितल्या तर समिती एकावरच बोलत बसेल, आणि ती मशीन असेल. त्याला चकचकीत फोटो आहे. टेबलाला नाही."

"मी प्रमुख आहे या प्रयोगशाळेचा."

"हो. तुम्ही बोलायचं ठरवलंत तर मी फाईल देते. फक्त सुरुवात या वाक्याने करा." मी लेबल पुढे केलं. "मी बोलले तर एवढंच बोलेन."

"मग हे तुमच्या जबाबदारीवर. लेखी द्या."

मी मागचा एक उलटा कागद घेतला, त्यावर लिहून दिलं, सही केली, तारीख घातली. सरांनी तो खिशात ठेवला.

सोमवारी सिस्टर दाराशी बसल्या होत्या. नाव पुकारल्यावर मी उभी राहिले. पडद्यावर काहीच लावलं नाही. आधी वाक्य बोलले. मग चार स्लाइड. हिरव्या ठिपक्यांच्या फोटोपाशी मी बोलायची थांबले, त्यांना बघू दिलं. चार मिनिटं झाली.

अध्यक्ष निवृत्त अभियंते. त्यांनी चष्मा काढला. "पण मागच्या वेळी हात धुण्याचा प्रश्न होता ना?"

"त्या खोलीत एकच सिंक आहे. नोटीस लागल्यापासून तिथे हात दुप्पट धुतले जातात, म्हणजे शिंतोडेही. म्हणून टेबल हलवा."

"ती खोली रजिस्टरांची आहे," व्यवस्थापक म्हणाले. "आणि जंतुनाशक बदलून बघता येईल."

"तीनदा बघितलं. तारखा पडद्यावर आहेत. टेबल हलवा."

"औषधांना दाद न देणारे जंतू किती टक्के आहेत?" दुसऱ्या एका सदस्याने विचारलं. तो आलेख माझ्या पिशवीत होता. दोन वर्षं कुणी विचारावं म्हणून वाट पाहिलेला प्रश्न.

"आकडे आहेत, बैठकीनंतर देते. टक्के कितीही असले तरी टेबल हलवावं लागेल."

सर घसा खाकरून उठले. "यासोबत एका यंत्राचाही विचार..."

"थांबा," अध्यक्ष म्हणाले. "हे आधी संपवू. रजिस्टरं आजारी पडत नाहीत. हलवा ती." मग लेखनिकाकडे वळून म्हणाले, "काय लिहिलंत?"

लेखनिकाने वाचलं: "बाळांच्या दुधात सिंकचे शिंतोडे पडत असल्याने दूध मोजायचे टेबल शेजारच्या खोलीत त्वरित हलवावे."

"पुढचा विषय इन्चार्ज सिस्टरांची बदली," व्यवस्थापक हळूच म्हणाले.

"कशासाठी?" अध्यक्षांनी विचारलं. लेखनिकाने विषयपत्रिकेतली ती ओळ खोडली.

टेबल हलवायला माणसं उद्या येतील, असं व्यवस्थापक म्हणत होते. सिस्टर ऐकायला थांबल्याच नाहीत. मी विभागात पोचले तेव्हा त्या आणि तीन पोरी टेबल दारातून आडवं काढत होत्या, आणि हात धुण्याची नोटीस फरशी खरवडू नये म्हणून टेबलाच्या पायाखाली सरकवली होती. "हात कुठे धुवायचे ते आता बाहेरच्या सिंकवर लिहा," त्या धापा टाकत म्हणाल्या. "पण एका ओळीत लिहा हं, मॅडम."

संध्याकाळी सर प्रयोगशाळेच्या दाराशी आले.

"पुढच्या बैठकीत मशीन. सादरीकरण तुम्हीच करा."

"करते. फक्त समितीने काय करायचं आणि का, ते एका वाक्यात तुम्ही द्या."

मी रोलवरून एक कोरं लेबल फाडलं आणि पुढे धरलं. ते घ्यायला सरांना आत यावं लागणार होतं. दुर्बीण खुंटीवरचा एप्रन काढून त्यांच्यासाठी उभाच होता.