निळ्या उजेडातला कांदा

सायरन वाजायच्या आत कांदा तळून व्हावा, एवढंच मी दुपारपासून ठरवत होते. पण शकु झोपेना. नऊ महिन्यांची पोर, दात येत होते, मांडीवरून खाली ठेवली की रडायची. शेवटी ती झोपली तेव्हा बाहेर अंधारलं होतं. युद्ध सुरू झाल्यापासून जबलपूरभर हेच, खिडक्यांना काळे कागद आणि स्वयंपाकघरातल्या बल्बला निळा.

त्या रात्री भय्यासाहेब जेवायला येणार होते. फॅक्टरीत यांचे फोरमन, मूळचे नागपूरचे. मटणाचा काळपट रस्सा म्हणजे त्यांचा जीव. हे हल्ली बारूद भरायच्या भागात रात्रपाळीला जात होते. मी रोज पहाटेपर्यंत कान देऊन पडून राहायची; कुठे दार आपटलं तरी उठून बसायची. भय्यासाहेब पोटभर जेवले की हात धुताना विषय काढायचा आणि यांना तिथून हलवून घ्यायचं, असं मी ठरवलं होतं. यांना सांगितलं नव्हतं.

कांदा कढईत चरचरला, मग शांत होत गेला, कडा वळल्या. निळ्या उजेडात तो चांगला गडद तपकिरी दिसला. मी उतरवला, भाजलेल्या खोबऱ्यासोबत पाट्यावर वाटला.

सासूबाई वाटण घेऊन काळा कागद लावलेल्या देवघरात गेल्या. तिथे समई होती. लगेच परत आल्या.

"हेमा, हे काय करून राहिली तू? हा तर सोनेरीच आहे."

"काळसर दिसला हो मला."

"त्या निळ्या दिव्याखाली पिवळं सगळं काळंच दिसते. याचा रस्सा गोडूस होईल, पिवळट. बाळंतिणीला घाल खुशाल. भय्यासाहेब म्हणतील, आजारी आहे का कोणी?"

घरात दुसरा कांदा नव्हता. सासूबाईंनी स्टोव्ह बारीक केला. "तेल टाक अन् वाटणच परतून घे. सुट्टा कांदा लवकर रंगतो, वाटलेला वेळ घेतो. बुडाला लागू देऊ नको. वास खमंग झाला, तेल सुटलं, की मटणाचं गरम पाणी ओत. उशीर केलास तर कडू. मग देवही वाचवणार नाही." समई त्यांनी माझ्याजवळ आणून ठेवली आणि शकुपाशी गेल्या.

मी उलथनं फिरवत होते तेवढ्यात हे भय्यासाहेबांना घेऊनच आले. बैठकीत अंधार, म्हणून दोघंही स्वयंपाकघराच्या दारातच टेकले.

"वहिनी, अच्छा वास सुटून राहिलाय! चलो, आज तर तुटून पडणार."

हात धुवायची वेळ अजून लांब होती. पण जेवून लगेच दोघं पाळीवर जाणार, हे त्यांच्या बोलण्यातून मला तेव्हा कळलं. कढई सोडून जाता येईना. मी तशीच, मागे न वळता बोलले.

"भय्यासाहेब, यांना तिथून काढा ना."

"अगं!" हे म्हणाले.

भय्यासाहेब म्हणाले, "मी कुठे घातलं त्याला तिथे, वहिनी? श्रीरंगनं स्वतः नाव दिलं. तुम्हाला नाही सांगितलं?"

वाटण तळाला चिकटू लागलं होतं. मी खरवडलं. सोनेरी जाऊन आता विटकरी आलं होतं, कडेनं तेल दिसत होतं.

"काहून दिलं?" मी यांना विचारलं. कॉलेजात शिकलेली शुद्ध मराठी त्या क्षणी कुठे गेली कोण जाणे.

"कोणीतरी जायलाच पाहिजे ना. माणसं कमी आहेत."

"आता दुसरी माणसं आलीत की," भय्यासाहेब म्हणाले. "बदलतो मी. पण त्यानं हो म्हणायला पाहिजे. तो म्हणतच नाही."

मी उलथनं थांबवलं. शेजारच्या पातेल्यातलं मटणाचं पाणी उकळत होतं. मी पळी भरून हातात धरली. ओतली नाही.

वाटण तपकिरी झालं. मग त्याहून गडद. वास खमंगाच्या पुढे सरकू लागला, किंचित जळका.

"वहिनी, पाणी घाला," भय्यासाहेब म्हणाले. "लागून राहिलंय ते."

"माहीत आहे."

आतून सासूबाई ओरडल्या, "हेमा! नाक बंद आहे का तुझं?"

मी यांच्याकडे पाहत राहिले. समईच्या उजेडात यांचं तोंड नीट दिसत होतं. हे कढईकडे पाहत होते.

"बरं," हे म्हणाले. "सोमवारपासून बदला. ओत आता."

मी ओतलं. मोठी वाफ उठली, चर्रर झालं, रस्सा काळा झाला.

जेवताना भय्यासाहेबांनी दोनदा वाढून घेतला. "असाच पाहिजे," म्हणाले. मला मात्र प्रत्येक घासाला मागून कडवटपणा लागत होता. यांनी खाली मान घालून, भाकरी कुस्करून, पूर्ण ताट संपवलं. मग दोघं अंधारात सायकली घेऊन पाळीवर निघून गेले. सोमवार यायला अजून तीन रात्री होत्या.