वाऱ्याखाली वाकताना

सायकली दुरुस्त करणारा मी, आणि माझीच सायकल रांगत होती! धाप लागलेल्या माझ्या तीन वर्षांच्या छबूला छातीशी बांधून मी चाकणहून पुण्याच्या दवाखान्याकडे निघालो होतो. रस्ता सपाट, टायर दगडासारखे टणक. पण ताठ बसलेलं माझं धूड समोरचा मेला वारा अडवत होतं. दुप्पट जोर लावला, तरी वेग जेमतेम वाढला. वाकावं तर पोर चेंगरणार.

शेवटी तिला पाठीवर बांधलं आणि हँडलवर ओणवा झालो. तेवढ्याच जोरात सायकल चांगली पळू लागली. पण आता तिचा श्वास दिसेना, थांबून बघायची हिंमत होईना.

"छबू, जागी असशील तर एक चापट मार की गं बापाला!"

भोसरी आली, तरी पाठीवर काहीच हललं नाही.

मग कानाला इवलासा चिमटा बसला.