दुप्पटरावांच्या बायकोचा परिचय

गल्लीत त्यांना सगळे दुप्पटराव म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडंफार आवडतही होतं. कुंडीत मिरचीचं रोप लावलं तरी म्हणायचे, "बघत राहा, महिन्याभरात दुप्पट!" रोप वाळलं की दुसरं लावायचे. उत्साह काही वाळत नसे.

त्यांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. घरात विमा सल्लागाराचं लायसन होतं ते या वहिनींच्या नावावर. नऊ वर्षांपूर्वी दुप्पटराव कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरीला होते, आणि नोकरीत असताना बाहेरचा धंदा करायला तिथं मनाई होती. म्हणून त्यांनी वहिनींना प्रशिक्षणाला धाडलं. वहिनी पहिल्याच फटक्यात परीक्षा पास झाल्या. त्यानंतर मात्र घरात वाटणी अशी झाली, की बोलायचं दुप्पटरावांनी आणि सही करायची वहिनींनी. हप्त्याची आठवण करून देणं, क्लेमचे कागद जुळवणं, कोणी दवाखान्यात असेल तर तिथं जाऊन बसणं, हे वहिनींकडे. लोक मात्र म्हणायचे, "आमची दुप्पटरावांकडची पॉलिसी." वहिनी हसून घ्यायच्या. पण आतून वाटायचं, एकदा तरी कोणी आपल्याला सल्लागार म्हणावं.

आता दुप्पटराव निवृत्त झाले होते, आणि कंपनीने एक नवी गोष्ट काढली होती. प्रत्येक सल्लागाराचा परिचय वेबसाइटवर टाकायचा. फोटो, लायसनचा नंबर, ते कधीपासून आणि कधीपर्यंत चालतं, अनुभव, आणि चार ओळी. भागातल्या माणसाला विमा हवा असला की त्याने ते पान बघून सल्लागार निवडायचा.

दुप्पटराव टाय लावून फोटो काढून आले. लेक लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. तिने लायसनचा नंबर टाकला मात्र, वर आपोआप आईचं नाव उमटलं.

"बाबा, इथं आईचा फोटो लागेल."

"आणि मी?"

"तुम्ही टाय सोडा आता. मान आखडेल."

दुप्पटरावांनी टाय सोडला नाही. "बरं, फोटो तिचा टाक. मजकूर मी सांगतो. लिही. पंचवीस वर्षांचा दांडगा अनुभव."

"अहो, लायसनला नऊच वर्षं झालीत," वहिनी म्हणाल्या.

"त्याआधी माझ्या डोक्यात होतंच की! लिही गं तू. हमखास परतावा. पैसे दुप्पट. क्लेम मिळणारच, शंभर टक्के खात्री."

वहिनी काही बोलायला गेल्या, तेवढ्यात स्वयंपाकघरात दूध उतू गेलं. त्या धावल्या. परत येईतो मजकूर कंपनीकडे पोचलाही होता.

दोनच दिवसांत शाखेतून बोलावणं आलं. शाखेच्या मॅडम तशा हसतमुख होत्या, पण समोरच्या कागदावर त्यांनी लाल पेनने इतक्या रेघा मारल्या होत्या, की मूळ अक्षरं शोधावी लागत होती.

"हमखास परतावा," मॅडम म्हणाल्या. "कुणी सांगितलं हमखास?"

"मॅडम, काही पॉलिसींत ठरलेली रक्कम असते ना?" दुप्पटराव म्हणाले.

"असते. ती त्या पॉलिसीच्या कागदावर, अटींसकट लिहिलेली असते. ते वचन कंपनीचं. सल्लागाराने स्वतःच्या परिचयात आपल्या पदरचं वचन द्यायचं नाही. आणि क्लेमचा निर्णय कंपनी घेते, कागद बघून. तुम्ही शंभर टक्के खात्री कुठून देणार? आणि ही पंचवीस वर्षं कुठली?"

"सोळा डोक्यातली आणि नऊ कागदावरची," वहिनी पटकन बोलून गेल्या. मॅडम हसल्या. मग हसू आवरून त्यांनी विचारलं, "या नऊ वर्षांत गिऱ्हाइकाला पॉलिसी समजावून कोण सांगायचं?"



"मीच," दुप्पटराव म्हणाले. एरवी घुमणारा आवाज या वेळी जेमतेम टेबलापलीकडे पोचला.

"मग अडचण आहे. लायसन यांचं, तर सांगायचंही यांनीच. तुम्हाला सांगायचं असेल, तर परीक्षा द्या. वयाची काही अडचण नाही. आणि ताई, आधी तुम्ही तुमच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे स्वतः जा. त्यांच्या पॉलिसीत काय आहे, काय नाही, ते समजावून सांगा. कुणाला उलटसुलट सांगितलं गेलं असेल, तर मला कळवा, लपवू नका. तोवर हा परिचय मी थांबवते. आणि टाळलंत, तर मला वर कळवावं लागेल. मग लायसनचं काय होईल, ते माझ्या हातात राहणार नाही."

घरी येताना दुप्पटरावांनी स्कूटर एवढ्या हळू चालवली, की सायकलवाले पुढे जात होते.

"अगं, लायसन जाईल का?"

"जाईल की राहील, ते आता मी काय सांगते त्यावर आहे," वहिनी मागून म्हणाल्या. "तुम्ही फक्त स्कूटर चालवा."

पुढचे काही आठवडे दुप्पटराव ड्रायव्हर झाले. वहिनींनी आधी एकेक पॉलिसी पुन्हा वाचून काढली, मग एकेका घरी गेल्या. शिंप्याकडे गेल्या, गॅरेजवाल्याकडे गेल्या, शाळेतल्या बाईंकडे गेल्या. बाहेर फटफटीवर रेलून उभा असलेला गॅरेजवाला तर पोट धरून हसला. "वहिनी, दुप्पट होणार असं मी कधी धरलंच नव्हतं! भाऊंच्या तोंडून दुप्पट नाही ऐकलं, तर मलाच वाटेल भाऊ आजारी आहेत." पण सगळेच हसले नाहीत. शाळेतल्या बाईंनी पॉलिसीची पानं पुन्हा पुन्हा उलटून पाहिली. त्यांनी मुदतीनंतरच्या रकमेवर काही बेत आखले होते. वहिनींनी पॉलिसीत जेवढं लिहिलं होतं तेवढं दाखवलं, चुकीचं सांगितलं गेलं त्याबद्दल माफी मागितली, आणि तक्रार कुठं करायची तेही सांगितलं. ही गोष्ट त्यांनी शाखेतही कळवली. दुप्पटराव दाराबाहेर उभं राहून ऐकत होते.

बाईंनी तक्रार केली. मॅडमनी ती रीतसर पुढे पाठवली आणि त्या वहिनींना म्हणाल्या, "आता परिचय लिहा. तुमच्या हाताने."

वहिनींनी लिहिलं ते एवढंच: 'नऊ वर्षांपासून परवानाधारक विमा सल्लागार. परवाना क्रमांक आणि मुदत वर दिली आहे. आयुर्विमा आणि आरोग्यविमा यांची माहिती देते. हप्त्यांची आठवण आणि क्लेमची कागदपत्रं जुळवण्यास मदत करण्याचा अनुभव. पॉलिसी घेण्यापूर्वी अटी सोबत बसून वाचू.'

"हे काय गं?" दुप्पटराव कळवळले. "मीठ नाही, मसाला नाही. असं वाचून कुत्रं तरी फिरकेल का?"

"कुत्र्याला विमा कशाला?" लेक म्हणाली.

मजकूर मंजूर झाला. पानावर वहिनींचा फोटो आला, खाली लिहिलं होतं, विमा सल्लागार. वहिनींनी तो शब्द लेकीकडून तीनदा मोठा करून बघितला.

आठवडाभर फोन आला नाही. दुप्पटराव काही बोलत नव्हते, पण त्यांचं न बोलणंसुद्धा ऐकू येत होतं. मग एकदा फोन वाजला. बाजारातली चष्मेवाली. तिला नवऱ्याचा विमा करायचा होता.

दुकानात जाताना वहिनींनी नवऱ्याला बजावलं, "आत यायचं असेल तर तोंड बंद."

"अगदी बंद," म्हणून दुप्पटरावांनी वाटेत पेपरमिंटच्या गोळ्यांची पुडी घेतली.

चष्मेवालीने भिंगं पुसता पुसता सरळ विचारलं, "ताई, दुसरा एकजण म्हणतो पैसे हमखास दुप्पट. तुमच्या परिचयात मी शोध शोध शोधलं, कसलंच वचन नाही. मग मी तुमच्याकडे का यावं?"

दुप्पटरावांनी एक गोळी तोंडात टाकली.

नऊ वर्षांत हा प्रश्न वहिनींच्या बाजूला बसलेल्या माणसाला विचारला जायचा. त्यांनी पाण्याचा एक घोट घेतला.

"जे माझ्या हातात नाही, ते मी कसं लिहू?" त्या म्हणाल्या. "तुम्ही एक करा. त्यांना म्हणावं, दुप्पट होणार हे पॉलिसीत कुठल्या पानावर आहे ते दाखवा. दाखवलं, तर मीच म्हणेन घ्या. नुसतं तोंडी असेल, तर लिहून सही करून मागा. आता मला सांगा, तुम्हाला पैसे वाढवायचेत, की उद्या हे नसले तर घर चालायला हवंय?"

"घर चालायला हवंय," कोपऱ्यात बसलेला चष्मेवालीचा नवरा म्हणाला. तो नसण्याचीच चर्चा चालली होती, म्हणून जरा दबकून.

"मग मुदतीचा साधा विमा बघू. हप्ता कमी, रक्कम मोठी. मात्र मुदत संपेपर्यंत तुम्ही खणखणीत राहिलात, तर साधारणपणे काही परत मिळत नाही."

दुप्पटरावांनी दोन गोळ्या एकदम टाकल्या.

"तब्येत कशी आहे?"

नवरा बायकोकडे बघू लागला. "साखर आहे," चष्मेवाली म्हणाली. "पण तो दुसरा म्हणाला, लिहू नका, कोण बघतंय."

"लिहायचं," वहिनी म्हणाल्या. "लपवलं, तर अडचण नेमकी क्लेमच्या वेळी येते, आणि तेव्हा तुम्ही एकट्या असाल. लिहिल्यावर कंपनी तपासण्या सांगेल, हप्ता वाढवेल, कदाचित नाहीही म्हणेल. मी सांगू शकत नाही."

दुप्पटरावांच्या तोंडात आता गोळ्यांना जागा उरली नव्हती. डोळ्यांतून पाणी येत होतं.

"यांना काय झालं?" चष्मेवालीने विचारलं.

"काही नाही. ते माझे ड्रायव्हर."

बाहेर आल्यावर पुडी रिकामी होती. "गेलं हातचं," दुप्पटराव म्हणाले. मग थोडं थांबून, "पण बोललीस छान. मी असतो तर साखर लिहूच दिली नसती." आणि स्वतःच्याच बोलण्याने त्यांना कसंसं झालं.

चार दिवसांनी चष्मेवालीचा फोन आला. तिने त्या दुसऱ्याकडे सही मागितली होती. "म्हणाला, असं लिहून देत नसतात. तेव्हापासून माझा फोनच घेत नाही! ताई, अर्ज घेऊन या. साखरेसकट."

अर्ज गेला, तपासण्या झाल्या. कंपनीचं उत्तर अजून यायचं होतं. ते हो येईल की नाही, हे वहिनींना माहीत नव्हतं, आणि तसं त्यांनी सांगूनही ठेवलं होतं. तरी चष्मेवालीने शेजारच्या घड्याळवाल्याला त्यांच्याकडे पाठवलं. पाठवताना म्हणाली, "आमच्या सल्लागारबाई आहेत." घड्याळवाल्याने ते जसंच्या तसं फोनवर सांगितलं. वहिनींनी फोन ठेवला आणि उगाचच एकदा अंगणात जाऊन आल्या.

जेवणाच्या टेबलावर आता पुस्तक उघडं असतं. दुप्पटराव परीक्षेला बसणार आहेत. वहिनी भाजी निवडता निवडता प्रश्न विचारतात, ते उत्तरं देतात. उत्तर चुकलं की लेक टाळी वाजवते.

"अगं, मी पास होईन ना? नक्की?" त्यांनी विचारलं.

वहिनींनी देठ मोडला. "तुमचा दांडगा अनुभव बघता," त्या म्हणाल्या, "हमखास काही सांगता येत नाही. तो धडा परत वाचा."