घडीत गेलेली खूण

धनत्रयोदशीच्या आदल्या शनिवारी आमच्या वसुलीच्या कृष्णातनं माझ्या पुढ्यात फोटो टाकला आणि मी कपाळावर हात मारला. बँकेचा कागद भर उन्हात भिंतीला टेकवून गारगोटीच्या फोटोवाल्यानं टिपला होता, आणि कागदाच्या बरोबर मधोमध घडीची काळीकुट्ट सावली!

"अरे गाढवा, कागद कुठं ठेवलावतास?"

"फेट्यात, दिवाणजी. पडू नये म्हणून चौघडी घातली की."

शाहूपुरीतल्या आमच्या किराणा पेढीची रीत सांगतो. गिऱ्हाइकाचा चेक परत आला, की चेक आणि त्यासोबतचा बँकेचा कागद घेऊन वसुलीचा माणूस गिऱ्हाइकाकडं जायचा. नवा चेक कधी देणार ती तारीख कागदाखाली लिहून घ्यायचा, कागदाचा फोटो काढायचा आणि मूळ कागद चेकसकट त्यालाच देऊन यायचा. फोटोवरनं मी उधारीच्या वहीत कारण, बँकेनं कापलेला आकार आणि नव्या चेकची तारीख चढवायचो. कृष्णात बँकेतनं कागद उचलून परस्पर एसटीत बसला होता, त्यामुळं पेढीवर मूळ कागद कुणीच बघितला नव्हता. त्याला स्वतःला इंग्रजीचं अक्षर ठाऊक नव्हतं.

चेक धोंडुबाईचा होता. नवऱ्यामागं गारगोटीत दुकान चालवणारी बाई. दिवाळीची तिची साखर, रवा, तेलाचे डबे संध्याकाळच्या ट्रकनं जायचे होते.

आकार आठ आणे, स्वच्छ दिसत होता. खाली एकोणीस तारीख आणि तिची सही, तीही स्वच्छ. कारण तेवढं दिसेना. त्या कागदावर कारणं छापलेली असतात, बँकेचा कारकून लागू असेल त्यापुढं खूण करतो. घडी नेमकी दोन ओळींवर आली होती, 'चेक देणाऱ्याकडे चौकशी करा' आणि त्याच्याच खाली 'सही जुळत नाही'. पहिल्याचा अर्थ बाजारात सगळ्यांना ठाऊक, खात्यात पैसे नाहीत. दुसऱ्यात अब्रूला काही धक्का नाही. खुणेची शेपटी घडीतनं जराशी वर आली होती, पण ती कुठल्या ओळीची, हे देवालाच माहीत. मी भिंग लावलं, दिव्याखाली धरलं, उन्हात धरलं.

"कृष्णात, खूण बघितलीस का तू?"

"तांबडी हुती. मधीच कुठं तरी."

बँक अर्ध्या दिवसाची, बंद झालेली, आणि पुढं दिवाळीची सुट्टी. तिच्या दुकानात फोन नाही. मी कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'फोटोत दिसत नाही', आणि वही मालकांपुढं ठेवली.

हंबीरराव मालक तापट, पण मीही काही कमी नाही. "दिसत न्हाय म्हंजे काय? बँकेनं आठ आणं उगंच घेतलं व्हय?"

"मालक, आकार कुठल्याही कारणाला लागतो! सही चुकली तरी लागतो. भाऊबीज होऊन बँक उघडू द्या, त्यांच्या नोंदीत बघून येतो. तोवर माल जाऊ द्या."

"आणि बुडाला तर तुमच्या पगारातनं काढू?"

माझ्या घरात चार लेकरं. मी 'काढा' म्हणालो नाही.

मालकांनी स्वतः उठून तिची पोती ट्रकातनं उतरवायला लावली. पोती ओट्यावर आली तशी समोरच्या दुकानातनं एकानं विचारलं आणि मालकांनी रस्त्यावरनंच सांगून टाकलं, बाईचा चेक परत आला, खात्यात पैसं न्हाईत. मग काय, बाजाराला तेवढंच पाहिजे होतं! दिवे लागायच्या आत तिला माल देणाऱ्या तीन अडत्यांनी हात आखडले. मी गादीवर बसून ऐकत होतो. राग मालकांचा, कृष्णातचा, त्या फोटोवाल्याचा, आणि कुणाचंच काही करता येईना.

भाऊबीज झाल्यावर बँकेत गेलो. कारकुनानं परतीची नोंद काढून दाखवली. सही जुळत नाही. खात्यात चेकच्या दीडपट रक्कम होती. मी धावत पेढीवर आलो, रकाना दुरुस्त केला. मालक म्हणाले, "बरं झालं. पुढच्या खेपंला माल धाडा."

एकोणीस तारखेला धोंडुबाई स्वतः आली. नवा चेक आणि आठ आणे सुटे गादीवर ठेवले.

"बाई, चूक आमची झाली," मी म्हणालो. "कारण फोटोत दिसलं नाही हो."

"खातं उघडलं तवा सही नुकती शिकलेवते. आता हात वळलाय, म्हणून जुळंना." ती शांतपणे म्हणाली. "पैसं देतीया म्हणून माणसं मला ओळखत हुती, दिवाणजी. दिवाळीत फळ्या रिकाम्या बघून समदी गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली. दुकान उधारीत बुडल म्हणून नवऱ्याचा भाऊ दुकान मागाय लागलाय."

"मी मालकांना सांगतो, ते चार लोकांत बोलतील."

"तुमी सांगिटलं न्हवतं व्हय तवा?"

"सांगितलं होतं."

"मग?" तिनं विचारलं, आणि पावतीसाठी हात पुढं केला.

मी पावती लिहून दिली.