ललिताबाईंची पेटी आणि वाढलेला कर

गिरगावात आमच्या अप्पांचं बाजाच्या पेट्यांचं, म्हणजे हार्मोनियमचं, दुकान होतं. सागवानाचा आणि पॉलिशचा तो वास मला अजून आठवतो. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आमचे कारागीर गंगाधर तुरुंगात गेले आणि पेट्या अर्धवट राहिल्या. तेवढ्यात विक्रीकर वाढला. अप्पांनी दारावर सूचना लावली: 'एक तारखेपासून नवा कर, नव्या किमती. आधीच्या ऑर्डरींना किंमत जुनीच, पण कर माल नेण्याच्या दिवशीचा.'

गाणं शिकवणाऱ्या ललिताबाईंनी ती वाचली. त्यांची पेटी गेल्या महिन्यातच मिळायची होती.

"उशीर तुमचा, मग वाढीव कर मी का द्यायचा?"

"कर सरकारचा, बाई. माल देऊ त्या दिवशीचाच लावावा लागतो." अप्पा म्हणाले. "पण किंमत माझी आहे. ती तेवढी उतरवतो. एकूण ठरल्याइतकंच होईल."

सगळ्याच रखडलेल्या ऑर्डरींसाठी त्यांनी तसं सूचनेखाली लिहिलं.

गंगाधर सुटून आले, पेटी पुरी झाली. बाईंनी दुकानातच भाता उघडला आणि पहिले सूर त्यांनाच ऐकवले. गंगाधर डोळे मिटून ऐकत राहिले. तसं सुख त्या दुकानात मी पुन्हा पाहिलं नाही.